पितळी नोझल झिजवणारी फिलॅमेंट आणि हार्डन्ड स्टीलकडे वळण्याची वेळ

थ्रीडी प्रिंटर नव्याने घेतलेल्या माणसाला कार्बन फायबरच्या फिलॅमेंटबद्दल कोणी ना कोणी सावध करतेच. अंधारात चमकणाऱ्या पीएलएबद्दल मात्र सहसा कोणी काही सांगत नाही. हे फिलॅमेंट साध्या पीएलएच्याच तापमानाला वितळते, बेडला तसेच चिकटते आणि रिळावरून बोट फिरवले तर किंचित खरखरीत लागते, एवढाच काय तो फरक जाणवतो. त्यामुळे पहिले रीळ बहुतेक जण प्रिंटरबरोबर आलेल्या पितळी नोझलमधूनच संपवतात आणि नंतर साध्या पीएलएच्या वस्तूही नीट का येत नाहीत, याचा शोध बेडपासून फर्मवेअरपर्यंत सगळीकडे घेत बसतात. या लेखात एंडर ३ च्या धर्तीचा, ०.४ मिमी पितळी नोझल असलेला प्रिंटर आणि चमकणाऱ्या पीएलएचे एक किलोचे रीळ, असे एक उदाहरण धरून पुढे जाऊ. कार्बन फायबरला जिथे वेगळी वागणूक द्यावी लागते, तिथे तसे सांगितले आहे.

झीज होते कशी

पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण असते. ते यंत्रावर सहज कापता येते, त्यात बारीक छिद्र स्वच्छ पाडता येते आणि ते उष्णता चांगली वाहून नेते. नोझलसाठी ते निवडले जाते ते याच गुणांमुळे. साधे पीएलए, पीईटीजी किंवा एबीएस वितळल्यावर नुसता मऊ लगदा असतो, त्यामुळे अशा फिलॅमेंटमुळे पितळ इतके हळू झिजते की महिनोन्‌महिने लक्ष द्यावे लागत नाही. प्रश्न प्लास्टिकचा नसून त्यात मिसळलेल्या, कधीही न वितळणाऱ्या कणांचा आहे.

आजच्या चमकणाऱ्या फिलॅमेंटमध्ये साधारणपणे स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट या संयुगाची पूड असते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या नेमोतो कंपनीने हे चमकणारे द्रव्य पुढे आणले. त्याआधी वापरात असलेले झिंक सल्फाइड तुलनेने मऊ होते आणि थोड्याच वेळात मंद पडत असे. नवे द्रव्य तासन्‌तास चमकते, पण ते सिरॅमिकच्या जातीचे, पितळापेक्षा कितीतरी कठीण असते आणि दळल्यावर त्याचे कण कोनदार होतात. ते फार बारीक दळले तर चमक कमी होते, म्हणून उत्पादकाला काहीसा भरड कण ठेवावाच लागतो. चांगले चमकणारे फिलॅमेंट नोझलला अधिक जाचक ठरण्याची शक्यता असते, ती यामुळेच.

कार्बन फायबरचे तंतू साधारण सात मायक्रॉन जाडीचे असतात आणि फिलॅमेंटसाठी त्यांचे बारीक तुकडे केलेले असतात. तंतू त्याच्या लांबीच्या दिशेने गुळगुळीत असला तरी त्याची तुटलेली टोके धारदार असतात. नोझलच्या आत शंकूसारखा भाग अरुंद होत जाऊन छिद्राला मिळतो, तिथे हे तंतू वळतात, एका दिशेने रांगेत येतात आणि तसे होताना भिंतीवर टोके घासत जातात.

या घासण्याचे प्रमाण किती, याचा अंदाज थोड्या गणिताने येतो. पीएलएची घनता सुमारे १.२४ ग्रॅम प्रति घन सेंमी धरली, तर एक किलोचे घनफळ साधारण ८०६ घन सेंमी होते. १.७५ मिमी जाडीच्या फिलॅमेंटच्या रूपात ते सुमारे ३३५ मीटर भरते. तेच ०.४ मिमीच्या छिद्रातून बाहेर पडताना त्याची लांबी जवळपास १९ पट, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आसपास होते. छिद्राच्या शेवटच्या सरळ भागाची लांबी एखाद्या मिलिमीटरच्या आतबाहेर असते, आणि कित्येक किलोमीटर लांबीचा हा कणीदार धागा त्याच चिमूटभर पितळावरून दाबाखाली सरकत असतो. एक रीळ पुरते संपण्याआधीच, काही शे ग्रॅममध्ये छिद्र बिघडते, याचे नवल वाटू नये.

झिजणारी दुसरी जागा नोझलच्या बाहेर आहे आणि तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. छिद्राभोवती जो छोटा सपाट कडा असतो, तो छापताना नुकत्याच घातलेल्या थरावरून सतत घासत जातो आणि त्या थरातूनही कण किंवा तंतू वर डोकावत असतात. त्यामुळे हा सपाट भाग गोलसर होतो, नोझलचे टोक आखूड होते आणि छिद्राची कड एका बाजूला जास्त खाल्ली जाते.

बिघाड ओळखायचा कसा

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. छिद्र मोठे झाले की प्लास्टिक जास्त बाहेर पडते, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. किती प्लास्टिक ढकलायचे हे एक्स्ट्रुडरचे दात असलेले चाक ठरवते आणि ते स्लायसर सॉफ्टवेअरच्या हिशेबाप्रमाणेच फिरत राहते. छिद्र ०.४ वरून ०.५ मिमी झाले तर त्याचे क्षेत्रफळ ५६ टक्क्यांनी वाढते, पण बाहेर पडणारे प्लास्टिक तेवढेच राहते. ते फक्त सावकाश आणि कमी दाबाने बाहेर येते. भिंत भसकन जाड झाली नाही म्हणून नोझल ठीक आहे, असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे ठरते.

खरी लक्षणे त्या कमी झालेल्या दाबातून येतात. प्रिंटर एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना फिलॅमेंट मागे ओढतो, तेव्हा मोठ्या छिद्रातून वितळलेले प्लास्टिक सहज ओघळते आणि वस्तूच्या दोन भागांमध्ये जाळे दिसू लागते. बारीक अक्षरे आणि टोकदार कोपरे बोथट होतात. वरच्या सपाट पृष्ठभागावरून नोझल प्लास्टिक नीट दाबून नेत नाही, कारण दाबणारा सपाट कडाच उरलेला नसतो, आणि तिथे रेघा किंवा ओरखडे राहतात. पूर्वी बरोबर बसवलेली रिट्रॅक्शनची, म्हणजे फिलॅमेंट किती मागे ओढायचे याची, किंमत अचानक पुरेनाशी होते.

पहिल्या थराचे लक्षण अधिक सांगण्यासारखे आहे. टोक ०.१ मिमीने झिजले, तर जो पहिला थर ०.२ मिमी उंचीवर घालायचा ठरला होता तो प्रत्यक्षात ०.३ मिमी उंचीवर पडतो आणि बेडला धड चिकटत नाही. वापरणारा झेड-ऑफसेट, म्हणजे बेडपासून नोझलची उंची ठरवणारा आकडा, थोडा खाली करतो आणि काम निभावते. काही आठवड्यांनी पुन्हा तेच करावे लागते. झेड-ऑफसेट जर सतत एकाच दिशेने, म्हणजे खालीच न्यावा लागत असेल, तर बेडचे स्क्रू फिरवण्याआधी नोझल काढून पाहावे. मात्र काही नवे प्रिंटर नोझलचे टोकच बेडला टेकवून उंची मोजतात. त्यांच्यात ही झीज आपोआप भरून निघते, म्हणजे हे लक्षण दिसतच नाही.

यातली बरीच लक्षणे ओलसर फिलॅमेंटमुळेही दिसतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात उघडे ठेवलेले पीईटीजी किंवा नायलॉन चार दिवसांत इतकी ओल धरते की जाळ्यांचा दोष नोझलवर ढकलण्यात अर्थ नसतो. म्हणून खात्री करण्याची माझ्या मते सर्वांत सरळ रीत अशी: कोरडे, साधे पीएलए घ्यावे, प्रिंटर नवा असताना चांगली आलेली एखादी छोटी वस्तू त्याच जुन्या फाइलवरून पुन्हा छापावी आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहाव्यात. जाळे तरीही येत असेल, तर दहा-वीस मिनिटे खर्चून नवे पितळी नोझल बसवावे आणि तीच फाइल पुन्हा छापावी. फरक पडला तर उत्तर मिळाले.

काढलेले नोझल दोन प्रकारे तपासता येते. मोबाइलच्या मॅक्रो कॅमेऱ्याने टोकाचा फोटो काढून नव्या नोझलशी तुलना केली, तर छिद्र गोल आहे की अंडाकृती आणि भोवतीची सपाट चकती शिल्लक आहे की नाही, हे लगेच कळते. दुसरे म्हणजे व्हर्नियरने एकूण लांबी मोजावी. एंडर ३ मध्ये वापरल्या जाणाऱ्या एमके८ प्रकारच्या नोझलची लांबी साधारण १३ मिमी असते, पण स्वस्त नोझलांत थोडा फरक असतो, म्हणून त्याच पाकिटातल्या न वापरलेल्या नोझलशीच ताडून पाहावे. प्लास्टिक चिकटलेले असताना मोजमाप करू नये. नोझल काढण्याआधी, ते गरम असतानाच पितळी ब्रशने टोक स्वच्छ करून घ्यावे. स्टीलच्या ब्रशने पितळावर ओरखडे पडतात.

केव्हा वळावे

आता आपल्या उदाहरणाकडे येऊ. मुलांच्या खोलीच्या छतासाठी चाळीस-पन्नास ग्रॅमच्या चांदण्या एकदाच छापायच्या असतील, तर स्टीलचे नोझल विकत आणण्याची घाई करू नये. पितळी नोझल स्वस्त असते; एक जुने नोझल त्या कामाला लावावे, काम झाल्यावर त्यावर खूण करून ते वेगळे ठेवावे आणि अचूक कामासाठी ते पुन्हा वापरू नये. चमकणाऱ्या पीएलएचे पूर्ण रीळ संपवायचे असेल, तर मात्र रीळ उघडण्याआधीच नोझल बदलावे. आधी झीज दिसू दे, मग बघू, असे म्हणण्यात फायदा नाही, कारण झीज दिसेपर्यंतच्या वस्तू तुम्ही बिघडत चाललेल्या नोझलने छापलेल्या असतात.

कार्बन फायबरच्या बाबतीत मी एवढीही सवलत देणार नाही. अशा फिलॅमेंटपासून बहुधा ब्रॅकेट, ड्रोनचे भाग किंवा जिग छापले जातात, जिथे मापाला महत्त्व असते. एकाच वस्तूच्या सुरुवातीचे आणि शेवटचे थर वेगवेगळ्या अवस्थेतल्या छिद्रातून आले, तर घेतलेले कष्ट आणि महागडे फिलॅमेंट दोन्ही वाया जातात. ग्लास फायबर मिसळलेल्या किंवा धातूची पूड असलेल्या फिलॅमेंटलाही हाच नियम लावावा. लाकडाचा भुसा मिसळलेले फिलॅमेंट मात्र पितळाला फारसे झिजवत नाही. त्याचा त्रास छिद्र तुंबण्याचा असतो आणि त्यावर मोठे छिद्र हाच उपाय आहे.

कोणते नोझल घ्यावे

स्टीलचे म्हणून विकले जाणारे प्रत्येक नोझल हार्डन्ड नसते. स्टेनलेस स्टीलचे नोझल पितळापेक्षा थोडे टिकाऊ असले तरी ते मुख्यतः गंजू नये म्हणून बनवलेले असते. कार्बन फायबरसाठी ते घेऊन समाधान मानू नये. निकेलचा मुलामा दिलेले पितळी नोझलही चालत नाही, कारण तो मुलामा प्लास्टिक चिकटू नये म्हणून असतो आणि कठीण कणांसमोर फार टिकत नाही. घरच्या घरी करता येण्याजोगी एक चाचणी लोहचुंबकाची आहे. हार्डन्ड टूल स्टीलला चुंबक घट्ट चिकटतो, पितळाला चिकटत नाही आणि नेहमीच्या स्टेनलेसला चिकटलाच तर अगदी हलका चिकटतो. हार्डन्ड म्हणून घेतलेल्या नोझलला चुंबक चिकटला नाही, तर ते परत करावे. चिकटला म्हणून ते नीट कडक केलेले आहेच, असे सिद्ध होत नाही, म्हणून विक्रेत्याने कडकपणा एचआरसीमध्ये दिला आहे का, तेही पाहावे; चांगल्या नोझलांसाठी तो आकडा ५५ च्या वर असतो.

छिद्राचे माप निवडताना चमकणाऱ्या पीएलएसाठी ०.४ मिमी चालते, पण कार्बन फायबरसाठी ०.६ मिमी घ्यावे. तंतूंचे पुंजके ०.४ च्या छिद्रात अडकण्याची शक्यता बरीच असते आणि मोठ्या छिद्रातून तेच प्लास्टिक निम्म्याहून कमी वेगाने जात असल्याने घासणेही कमी होते. नोझलचे आटे, म्हणजे थ्रेड, दोन प्रकारांत सारखे असू शकतात, पण लांबी वेगळी असते. एमके८ च्या जागी व्ही६ प्रकारचे नोझल आणू नये.

याहूनही कठीण पर्याय आहेत. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात संशोधन करणारे अँडर्स ओल्सन यांना बोरॉन कार्बाइड मिसळलेले फिलॅमेंट छापायचे होते. ते अतिशय कठीण द्रव्य नोझलांना खाऊन टाकत असल्याने त्यांनी पितळी नोझलच्या टोकाला माणकाचा खडा बसवला आणि तेच ओल्सन रुबी या नावाने बाजारात आले. टंगस्टन कार्बाइडची नोझलही मिळतात. रोज कार्बन फायबर छापणाऱ्या कारखान्याला ती परवडतात. घरी वर्षात दोन-तीन रिळे संपवणाऱ्याला हार्डन्ड स्टील पुरे.

बदलण्याची रीत

नोझल थंड असताना फिरवू नये, कारण आत गोठलेले प्लास्टिक आटे धरून ठेवते आणि हीटर ब्लॉकच्या मऊ ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात. पीएलए आत असेल तर हॉटएंड, म्हणजे प्लास्टिक वितळवणारा भाग, २२० ते २३० अंशांवर न्यावा आणि फिलॅमेंट बाहेर काढावे. ज्या हॉटएंडमध्ये पीटीएफईची पांढरी नळी थेट नोझलपर्यंत येते, त्यात २४० अंशांच्या वर जाऊ नये, कारण त्यापुढे नळी खराब होऊ लागते.

नंतर पंख्याचे आवरण सोडवावे आणि ब्लॉकवर सिलिकॉनची टोपी असल्यास ती काढावी. एका पान्याने हीटर ब्लॉक घट्ट धरावा आणि दुसऱ्या हाताने ६ मिमीच्या सॉकेटने नोझल सोडवावे. ब्लॉक न धरता जोर लावला, तर ब्लॉकच फिरतो आणि हीटर किंवा थर्मिस्टरच्या तारा तुटतात. पाना त्या तारांना लागणार नाही, याकडे लक्ष द्यावे. बाहेर आलेले नोझल पकडीत धरून धातूच्या वाटीत टाकावे. ते बराच वेळ बोट भाजेल इतके गरम असते.

नवे नोझल हाताने सुरू करावे आणि आटे वाकडे बसत नाहीत ना, हे पाहून मगच सॉकेट लावावे. इथे एक बारकावा आहे. पीटीएफई नळीच्या हॉटएंडमध्ये नोझलच्या मागच्या तोंडाला नळीचे सपाट कापलेले टोक घट्ट भिडले पाहिजे, नाहीतर मधल्या फटीत प्लास्टिक जमून हॉटएंड तुंबतो. त्यासाठी नोझल पूर्ण आवळून अर्धा फेरा मागे घ्यावे, नळी वरून दाबून कपलरमध्ये अडकवावी आणि मग नोझल पुन्हा आवळावे. संपूर्ण धातूच्या हॉटएंडमध्ये नोझल आतल्या हीटब्रेक नावाच्या धातूच्या नळीला भिडायला हवे, म्हणून आवळून झाल्यावर नोझलचा षटकोनी भाग आणि ब्लॉक यांच्यात बारीक फट दिसली पाहिजे. ती दिसत नसेल, तर नोझल हीटब्रेकऐवजी ब्लॉकलाच टेकले आहे आणि वरून प्लास्टिक गळणार, हे नक्की. आवळताना मनगटाचा बेताचा जोर पुरे. स्टील टणक असते आणि हरतो तो ॲल्युमिनियमचा ब्लॉक.

यानंतर झेड-ऑफसेट नव्याने बसवणे अनिवार्य आहे. झिजलेल्या नोझलसाठी तो खाली आणलेला असतो आणि नव्या, पूर्ण लांबीच्या नोझलने तोच आकडा वापरला, तर टोक बेडच्या पत्र्यात रुतते. आधी ऑफसेट एखाद्या मिलिमीटरने वर घ्यावा आणि मग कागद सरकवून तो हळूहळू खाली आणावा.

स्टील बसवल्यानंतर काय बदलते

पितळ स्टीलच्या कित्येक पट चांगली उष्णता वाहून नेते. पडद्यावर दिसणारे तापमान ब्लॉकमधल्या थर्मिस्टरचे असते, नोझलच्या टोकाचे नसते, म्हणून स्टीलचे नोझल बसवल्यावर पडद्यावर २०५ अंश असतानाही टोकाशी प्लास्टिक त्याहून थंड असू शकते. एकेक थर बोटाने सोलता येणे, भिंतीवर मॅट आणि चकचकीत पट्टे दिसणे, एक्स्ट्रुडरमधून टक्‌टक्‌ आवाज येणे ही त्याची चिन्हे. आधी तापमान ५ अंशांनी वाढवून पाहावे, गरज असेल तर १० अंशांनी. चमकणारे पीएलए पितळी नोझलमधून २०५ ला छापत असाल, तर २१० च्या आसपास सुरुवात करावी आणि वेग थोडा कमी ठेवावा. पीईटीजी-कार्बनला २४० किंवा त्याहून अधिक तापमान लागते. पीटीएफई नळीच्या हॉटएंडला ते सोसत नाही, म्हणून अशा प्रिंटरवर कार्बन फायबर असलेले पीएलए एवढ्यावरच थांबावे किंवा संपूर्ण धातूचा हॉटएंड बसवावा.

काम संपल्यावर पुन्हा पितळ बसवावे का, याबद्दल मतभेद आहेत. माझे मत असे की महिन्यातून एकदाही झिजवणारे फिलॅमेंट वापरणार असाल, तर स्टीलचे नोझल तसेच राहू द्यावे, कारण प्रत्येक अदलाबदलीत ब्लॉकचे आटे झिजतात आणि तो ब्लॉक बदलणे नोझल बदलण्यापेक्षा जिकिरीचे आहे. साधे पीएलए स्टीलमधून चांगलेच येते. फार वेगाने छापणाऱ्याला मात्र पितळाचा फरक जाणवेल. चमकणाऱ्या फिलॅमेंटनंतर दुसरे फिलॅमेंट घालताना चांगले हातभर प्लास्टिक बाहेर ढकलून टाकावे, नाहीतर काळ्या वस्तूत हिरवट ठिपके दिसतात.

नोझल बदलले म्हणून झिजवणारे कण इतर कशाला घासत नाहीत, असे नाही. अनेक स्वस्त एक्स्ट्रुडरमध्ये दात असलेले चाक पितळेचेच असते आणि ते साध्या पीएलएनेही हळूहळू झिजते. कणीदार फिलॅमेंट सुरू केल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी एक्स्ट्रुडर उघडून त्या चाकाचे दात पाहावेत. दातांच्या खोबणीत एका ठिकाणी गोल चर पडलेला दिसला आणि फिलॅमेंटच्या भुकटीने जागा भरलेली असली, तर स्टीलचे चाक बसवावे. प्लास्टिक कमी येऊ लागले तर ते लक्षण बहुधा या चाकाचे असते, नोझलचे नव्हे. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या पीटीएफई नळीचे तोंड आणि फिलॅमेंट आत शिरते ती जागा, या दोन्हींवरही खाचा पडतात. नळीचे खराब टोक दोन-तीन मिमी सरळ कापून टाकले तर तीच नळी पुन्हा वापरता येते.